आमच्या हातातलं आणि नसलेलं

शांती नगरात, बेकरीच्या वरच्या खोलीत आमची जाहिरात एजन्सी आहे. एजन्सी म्हणजे मी आणि एक डिझायनर. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी प्रश्नावली पाठवायची, मग पहिल्या मीटिंगमध्ये ती मोठ्याने वाचायची आणि त्यानंतरच करार करायचा, हा माझा हट्ट. जे आमच्या हातात नाही ते कबूल करायचं नाही. पूर्वी केलं आणि शिव्या खाल्ल्या.

उत्तनच्या कोळीवाड्यातून आलेल्या एका मावशींचा सुक्या मासळीचा धंदा. प्रश्नावली त्यांच्या मुलाने भरली होती, इंग्रजीत, इतकी गुळगुळीत की मला रागच आला. ‘ब्रँडची ओळख वाढवणे’ वगैरे. बोंबील विकणारं कुणी असं बोलत नाही. म्हणून दोघं समोर बसल्यावर मी तो कागद बाजूला ठेवला आणि मावशींनाच सगळं पुन्हा मराठीत विचारायला घेतलं.

"मावशी, तीन महिन्यांनी काय झालं तर तुम्हाला वाटेल की काम झालं?"

मावशींनी मुलाकडे पाहिलं. "यो बोटीवर जातो बोलतोय, परदेशी. धंदा वाढला तर कशाला जाईल? तेवढं करा, बाय."

मुलगा मान खाली घालून बसला होता. मला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण पुढचा प्रश्न नेहमीचा होता आणि त्याने तो कोरा सोडला होता. जाहिरात बघून लोक मेसेज करतात, तासाभरात उत्तर गेलं नाही तर दुसरीकडे वळतात. ते उत्तर कोण देणार, हे ठरल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही.

"मेसेज कोण बघणार?" मी त्याला विचारलं.

"आईच बघेल, मॅडम."

"मी कशाला? तू हायस ना?"

 तो हळूच म्हणाला, "आई, माझं जायचं पक्कं झालंय. मी गेल्यावर तुझा धंदा चालू राहावा म्हणून तर इथे आणलं तुला."

मला माझ्या त्या हट्टाचा तिटकारा आला. काय शहाणपणा केला मी? त्याने घरी, आपल्या वेळेने सांगितलं असतं. इथे, परक्या बाईसमोर नाही.

मावशी रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी मला विचारलं, "लय ऑर्डरी आल्या तर थांबेल यो?"

हो म्हणावंसं वाटलं. करारही हवा होता मला. "ते आमच्या हातात नाही, मावशी."

"मग तुमच्या हातात काय हाय?"

मी सांगितलं. चांगले फोटो, आसपासच्या लोकांना जाहिरात दिसणं, त्यांचे मेसेज तुमच्या फोनवर येणं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी लोकं येतील," त्या म्हणाल्या. "लोकं घेऊन मी काय करू?"