पहिल्या पानावरची शिफारस

त्या संस्थेच्या संचालकांनी मला फसवलं. एका मजकुरावर माझी संमती घेतली आणि छापला दुसराच. खाली आभार मात्र माझे मानले.

मानेसरला माझं प्रेस शॉप होतं. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचे, हा धंदा. भाड्याच्या एका शेडपासून सुरुवात केली आणि चार शेडपर्यंत पोचलो. शिक्षण दहावी. बाकीचं गाडी कंपन्यांसाठी माल घेणाऱ्या परचेस मॅनेजरांच्या दारात उभं राहून शिकलो. बायको गेली, मुलीने बंगळूरला संसार थाटला, तेव्हा धंदा विकून टाकला. आता गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहतो. कित्येक दिवस लिफ्टमधल्या ‘नमस्ते जी’पलीकडे तोंड उघडायची वेळ येत नाही.

त्यामुळे संचालकांचा फोन आला तेव्हा मी पहिल्या रिंगला उचलला, हे कबूल करतो. दिल्लीतच जन्मलेले मराठी गृहस्थ, गणपतीत ओळख झालेली. त्यांच्या संस्थेने प्रेस मशीनवर तुटणाऱ्या बोटांबद्दल पॉलिसी ब्रीफ तयार केलं होतं. म्हणजे सरकारी निर्णय घेणाऱ्या माणसाने काय करावं आणि का, हे थोडक्यात सांगणारा कागद. तो राज्याच्या श्रम सचिवांकडे जायचा होता. पाठवण्याआधी बाहेरच्या माणसाने तपासायचा, अशी त्यांची रीत.

“तुम्ही धंद्यातले आहात, कागदातले नाही,” ते म्हणाले. “बिल्कुल तुमच्यासारखाच माणूस हवाय.”

सोबत तपासणीचा फॉर्म होता. त्यात तीन प्रश्न होते. शिफारस स्पष्ट आहे का? पुरावा तिला पेलतो का? आणि विषय न जाणणाऱ्या, घाईतल्या अधिकाऱ्याला हे कळेल का?

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरून बसलो. इंग्रजी हळू वाचतो, पण वाचतो. आठ पानं. पहिली दोन उद्योगाच्या इतिहासात गेलेली. शिफारस सातव्या पानावर, ती अशी: ‘संबंधितांनी प्रशिक्षण व जागरूकता वाढवण्याचा विचार करावा.’ रागाने पेन्सिल मोडली. संबंधित म्हणजे कोण? विचार करून पुढे काय?

पुरावा मात्र सोन्यासारखा होता. संस्थेतल्या एका तरुण संशोधक मुलीने तो जमवला होता. दवाखान्यातल्या नोंदींवरून जखमी कामगार शोधून तिने प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या होत्या: काम शिकवलं होतं का, आणि मशीनला गार्ड होता का. गार्ड म्हणजे हात डायखाली, पत्रा दाबणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. बहुतेक जण शिकलेले, जुने हात होते. बहुतेकांच्या मशीनला गार्ड नव्हता.

बैठक दिल्लीत, संस्थेच्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात, दुपारी तीनला. टेबलाला आम्ही तिघंच. ती मुलगी वही उघडून बसलेली.

“गार्ड असलेल्या मशीनवर किती बोटं तुटली?” मी तिला आधी हेच विचारलं. “ते नसेल तर तुझा पुरावा अर्धाच. गार्ड नसूनही वर्षानुवर्षं सुखरूप चाललेल्या मशीन मी दाखवीन तुला.”

“मोजलंय, काका,” ती म्हणाली. “त्याच भागातले, तसंच काम करणारे, गार्ड लावलेले शेड घेतले. तिथे अपघात फार कमी. ते परिशिष्टात आहे.”

“परिशिष्टात! अगं, सोनं नेऊन माळ्यावर ठेवलंस?”

ती हसली. “आणि जे दवाखान्यात न येता गावी गेले, ते माझ्या मोजणीत नाहीत.”

“ते एका ओळीत लिहून टाक. आपलं वैगुण्य आपणच सांगितलं की समोरचा भाव पाडत नाही.”

संचालक चष्मा पुसत होते. “शेठ, प्रशिक्षणाला कोणाचाच विरोध नसतो. सचिव लगेच हो म्हणतील.”

“हो म्हणतील, आणि बोटं तुटत राहतील. पुरावा सांगतो गार्ड, तुम्ही मागताय ट्रेनिंग. गिऱ्हाइकाला ब्रॅकेट दाखवून बिजागरी विकताय तुम्ही!”

“अहो, कामगारही निष्काळजी असतात ना.”

मग मला राहवलं नाही. “माझ्या शेडमधला माणूस अकरा वर्षं प्रेसवर होता. गार्डमुळे माल कमी निघतो म्हणून तो मी काढायला लावला. त्याची दोन बोटं गेली. आता सांगा, ट्रेनिंग कोणाला द्यायचं? मला?”

ही गोष्ट मी बायकोलाही पूर्ण सांगितली नव्हती.

त्यानंतर दोन तास मी घासाघीस केली, जन्मभर केली तशी. परचेस मॅनेजर गाडीचं दार उघडून उभा असतो, तेवढ्यात सांगायचं असतं: काय हवंय, का हवंय, नाही दिलं तर काय होईल. सचिवही तसेच उभे आहेत असं समजा, म्हटलं. इतिहास उडवला. ‘मेकॅनिकल इंटरलॉकिंग’ असला एक शब्द होता, तिथे ‘गार्ड उघडला की मशीन बंद पडेल अशी सोय’ असं लिहून घेतलं. पहिल्या पानावर चौकटीत शिफारस आली: श्रम खात्याच्या निरीक्षकांनी गार्ड नसलेली प्रेस मशीन जागेवरच बंद करावी आणि गार्ड बसल्यावरच चालू करू द्यावी. तिच्याखाली तीन ओळींत पुरावा, एका ओळीत त्याची मर्यादा. दोन पानांत सगळं बसलं.

“अब ठीक?” संचालकांनी विचारलं. मी फॉर्मवर तिन्ही ठिकाणी ‘होय’ लिहिलं.

घरी जाताना मेट्रोत उभा होतो, पण पाय दुखले नाहीत. किती तरी दिवसांनी कोणीतरी माझं ऐकून कागद बदलला होता.

महिन्याभराने कुरियर आला. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या कामगारांचा फोटो. चौकटीत: ‘प्रशिक्षण व जागरूकता मोहीम राबवावी.’ गार्ड शेवटच्या पानावर, ‘इतर उपाय’ या मथळ्याखाली, तोही ‘शक्य तिथे’. तळाशी आभार: लघुउद्योगाच्या प्रतिनिधीने हे टिपण तपासून मान्य केले आहे.

फोन केला. “शेठ, सल्लागार मंडळात कारखानदारही आहेत,” ते म्हणाले. “त्यांना कडक वाटलं. गार्ड काढलेला नाही ना? आहे तो आत.”

“सचिव आतली पानं उघडणार नाहीत. ‘घाईतला अधिकारी’ हे तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय.”

“चिडू नका. पुढच्या वेळी बघू.” त्यांनी फोन ठेवला.

मग त्या संशोधक मुलीला फोन केला. तिने एवढंच सांगितलं, “काका, मी छापायच्या आधी माझं नाव काढायला लावलं.” तिने नोकरी सोडली होती. मी बैठकीत काय बोललो हे धंद्यातल्या जुन्या मित्रांपर्यंत पोचलं होतं. त्यांच्यातल्या एकाचाही फोन नाही. बंगळूरहून माझी मुलगी म्हणाली, “बाबा, छोडो ना यार, या वयात कशाला?” पत्त्याच्या डायरीत आणखी कोणाला सांगता येईल ते पाहिलं. बरीचशी नावं गेलेल्यांची होती.

म्हणून लिहून ठेवतो. संचालकसाहेब, प्रशिक्षणाने बोटं वाचतात याचा पुरावा तुमच्या त्या टिपणात कुठल्या पानावर आहे, ते दाखवा. दाखवता येत नसेल, तर माझी संमती कुठल्या मजकुराला होती ते सचिवांना लेखी कळवा, आणि जो कागद मी तपासला होता तो सोबत जोडा. बदल करायला कोणी सांगितलं, त्याचं नावही त्यात लिहा. मला फोनवर समजूत नको. लेखी उत्तर हवं आहे, तुमच्या सहीनिशी.