स्टोअरच्या काकांची इंटर्न

माझी धाकटी नणंद पंपांच्या कारखान्यात नोकरभरती बघते. यंदा तिने विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची पगारी इंटर्नशिप आखली. मालकांनी बजावलं, "कायम घेण्याजोगा एक तरी निघू दे. नाहीतर पुढच्या वर्षी बंद."

नणंदेची अट होती की ज्या विभागाकडे खरोखर अडलेलं काम आणि शिकवायला रोज अर्धा तास असेल, त्यालाच विद्यार्थी मिळेल. सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी अर्जात लिहिलं, 'फायली लावणे.' तिने तो परत पाठवला.

"अहो मॅडम, पोरंच ती! दुसरं काय करणार?"

"काका, तुमचं डोकं कशाने उठतं, ते लिहा."

काकांनी रागारागात लिहिलं, 'गिऱ्हाइकांना चुकीचे सुटे भाग जातात आणि रोज परत येतात.'

या कामावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. काकांना विचारून विचारून तिने प्रत्येक भागाचा फोटो, माप आणि तो कोणत्या पंपाला बसतो, याची मोबाइलवर दिसणारी यादी केली. काका चुका काढत होते, ती सुधारत होती. शेवटच्या आठवड्यात एकही भाग परत आला नाही.

मालकांनी काकांना विचारलं, "घ्यायची का हिला?"

"विचारताय काय? नेमणुकीचं पत्र आत्ताच द्या. परीक्षा होईपर्यंत कुणीतरी पळवेल!"

मालकांनी तिथेच सही केली.

संध्याकाळी नणंद दारातूनच ओरडली, "वहिनी, चहा टाक गं! पुढच्या वर्षीची जाहिरात लिहायचीय."