रीस्टार्ट नंतर करू

त्या सकाळी मी नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकत होतो. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेली होती. इन्स्टॉल संपत आलं आणि स्क्रीनवर संदेश आला: एक फाइल वापरात आहे, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

लॅबमधल्या वरिष्ठ टेक्निशियन ताई म्हणाल्या, "आता बंद नका करू भाऊ, मशीनवर सॅम्पल लागून राहिले." मी 'नंतर' दाबलं. असं मी कितीदा तरी केलं होतं.

तासाभरानं ताईंनी मला हाक मारली. हातात एका रिपोर्टची प्रत होती. "युरिया १.९? कोणाचं असते एवढं कमी? काहून झालं असं?"

मी पाहिलं आणि काय झालं ते लक्षात आलं. तपासणीच्या मशीनकडून आकडे घेणारा प्रोग्राम दिवसभर मागे चालू असतो. त्यानं आपली फाइल उघडून धरलेली होती, आणि अशी धरलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. इन्स्टॉलरनं नवी फाइल बाजूला ठेवली होती. रीस्टार्ट होताना, तो प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी, ती जागेवर गेली असती. बाकीच्या फाइली मात्र बदलून झाल्या होत्या. नव्या रिपोर्टमध्ये वर एक तपासणी वाढली होती, पण आकडे जुन्याच क्रमानं येत होते. त्यामुळे प्रत्येक आकडा आपल्या नावाच्या एक ओळ वर छापला गेला होता: युरियाच्या जागी क्रिएटिनिनचा १.९. आणि किडनीची स्थिती सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या जागी युरिक ॲसिडचा आकडा, ७.२.

"किती रिपोर्ट गेले?" मी विचारलं.

"दोन. एक बाई बाहेरच बसली आहे. दुसरे भिवापूरचे काका, किडनीचा त्रास असलेले. सोबतच्या काकू, त्यांच्या घरच्या, घेऊन गेल्या. ही त्याचीच प्रत."

कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. पुन्हा आकडे घेतले, ताईंनी एकेक ओळ मशीनच्या पडद्याशी ताडून पाहिली. काकांचं क्रिएटिनिन १.९ निघालं. बाहेरच्या बाईंना नवा रिपोर्ट दिला. फोन लावला तर काकू सीताबर्डीच्या बसस्टॉपवर होत्या. मी गाडी काढली.

काका बाकावर डोळे मिटून बसले होते. काकू थोड्या दूर उभ्या होत्या. मी नवा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी आधी क्रिएटिनिनची ओळ शोधली, मग हळू आवाजात म्हणाल्या, "सात पाहून मी सुनेले फोन केला. म्हटलं, आता डायलिसिस लागते. यांले काही सांगतलं नाही. मशीन बिघडली होती का?"

"नाही काकू, मशीन बरोबर होती. कॉम्प्युटर बंद करून सुरू करायचा होता, तो मी केला नाही."

त्यांनी जुना रिपोर्ट काढून नव्याशेजारी धरला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चुकीचा रिपोर्ट परत मागितला. त्यांनी तो घडी करून पर्समध्ये टाकला.

"राहू द्या," म्हणाल्या. "डॉक्टरले दोन्ही दाखवतो. आता कोणता खरा, मले काय समजते?"