धारच्या देवघरातलं न म्हटलेलं वाक्य

देवास जवळ आलं की आधी टेकडी दिसते. नवरात्र चालू होतं, टेकडीच्या पायऱ्यांवर माणसांची रांग मुंगीसारखी चढत होती आणि भोंग्यातून मातेची गाणी येत होती. वर दोन देव्या, मोठी आणि छोटी, आणि खाली गावातही एके काळी दोन गाद्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, काही रस्त्यांची एक बाजू याची तर दुसरी त्याची, असं इथले जुने लोक अजून सांगतात.

मी पुण्याहून इंदूरला आगगाडीनं आणि तिथून बसनं आलो होतो. माधव, माझा आतेभाऊ, स्टॅंडवर घ्यायला आला. त्याचं कुटुंब इथल्या पवार राजांच्या नोकरीत महाराष्ट्रातून इकडे आलं ते इथलंच झालं. माझ्या हातातली बॅग ओढून घेत तो म्हणाला, "आओ भिया, शेवटी पाय लागले म्हणायचे. मी तर समजलो की फौजेतून निवृत्त झाल्यावर नातेवाइकांतूनही निवृत्त झालास."

मी हसलो. तो खोटं बोलत नव्हता. तोफखान्यात नोकरी संपवून बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढी वर्षं मी या घरची बोलावणी टाळली होती. या वेळी टाळता आलं नाही, कारण माधवची मुलगी गौरी सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी निवडली गेली होती आणि नात्यातला तिच्याआधी लढून आलेला माणूस म्हणजे एकटा मी.

रात्री वहिनींनी भुट्ट्याचा कीस (मक्याची कणसं किसून दुधात शिजवलेला तिखट-गोड पदार्थ) केला होता. गौरी जेवता जेवता मला प्रश्न विचारत होती. तिचं शिक्षण हिंदीतून झालेलं, त्यामुळे मराठी बोलते छान पण मधेच रूळ बदलते.

"काका, युद्ध कोण पुकारू शकतं? मतलब, अधिकार कोणाचा?"

"ज्याला प्रजेच्या वतीनं बोलण्याचा हक्क आहे त्याचा. कोणी गल्लीतला पुढारी उठून युद्ध पुकारू शकत नाही."

"मग आपल्या देवासात? थोरल्या पातीनं लढाई पुकारली असती, तर धाकट्या पातीच्या गल्लीला विचारावं लागलं असतं का?"

माधव म्हणाला, "धाकट्या पातीनं आधी हिशेब मागितला असता, मग युद्ध." सगळे हसले. मीही. पण मला त्या मुलीचा विचार आवडला. अधिकार हा प्रश्न ती गमतीत विचारत होती, पण टाळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धारला निघालो, इंदूरवरून. धारला माधवची थोरली बहीण विमलताई एकटी राहते. ती निवृत्त शिक्षिका, आणि देवघरातली घराण्याची तलवार तिच्याकडे. खंडेनवमीला (नवरात्रातला नववा दिवस, ज्या दिवशी घरातली शस्त्रं आणि हत्यारं पुजतात) त्या घरात एक रीत आहे. फौजेच्या नोकरीवर निघणारा म्यानावर हात ठेवून कशासाठी निघालो ते सांगतो. पण त्याच्या हाती तलवार देणारा आधी लढून आलेला असावा लागतो, आणि देताना त्यानं एक वाक्य म्हणायचं: "ज्याच्या हाती शस्त्र होतं, त्याच्यावरच चाललं." म्हणजे, माझं शस्त्र निःशस्त्रावर कधी चाललं नाही. ते म्हटल्याशिवाय तलवार हाती द्यायची नाही. माधवनं मला त्यासाठीच बोलावलं होतं, आणि याच वाक्यापायी मी इतकी वर्षं यायचं टाळलं होतं.

वाटेतल्या घाटाबिल्लोद गावाच्या अलीकडे बस बंद पडली. कंडक्टर खाली उतरला, चाकाभोवती फिरला आणि म्हणाला, "टैम लगेगा भिया. चाय पी लो, खेत देख लो." सोयाबीन काढून झालं होतं. मोकळी काळी माती ऊन पीत पडली होती. माधव झाडाखाली आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. चहाच्या टपरीवर गौरी माझ्याशेजारी बसली.

"काका, खरं सांगा. अकादमीत ते शिकवतील तेव्हा शिकवतील. योग्य युद्ध म्हणजे काय?"

मी तिला सांगितलं, जसं मी कित्येक तरुणांना सांगितलं होतं. कारण खरं असलं पाहिजे: आपल्यावर हल्ला झाला, किंवा कोणी निरपराध माणसं कापली जात आहेत. सूड हे कारण नव्हे, दुसऱ्याची जमीन हेही नव्हे. हेतू त्या कारणाएवढाच असला पाहिजे, त्याच्या आडून दुसरं काही साधायचं नाही. बाकीचे मार्ग खरोखर वापरून पाहिलेले असले पाहिजेत. जिंकण्याची काही शक्यता हवी, नाहीतर माणसं नुसती मरायला पाठवल्यासारखं होतं. आणि युद्धानं होणारं नुकसान त्यातून टळणाऱ्या अन्यायापेक्षा मोठं नको.

"आणि लढताना?"

"लढताना वेगळे नियम. लढणाऱ्यावर गोळी, बाकीच्यांवर नाही. शरण आला की तो शत्रू राहत नाही. लक्ष्य लष्करी असलं तरी आसपासच्या लोकांना होणारी इजा त्या फायद्याच्या तुलनेत अती नको. इजा होईल हे ठाऊक असणं वेगळं आणि इजा करायचीच असणं वेगळं."

"पण मेलेल्याला काय फरक पडतो?"

"मेलेल्याला नाही. मारणाऱ्याला पडतो."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "आणि कारणच चुकीचं असेल, तर मी सगळे नियम पाळून लढले तरी बरोबर ठरते?"

"फौजेतली जुनी रीत म्हणते, सैनिकाला कारणाबद्दल जबाबदार धरायचं नाही. तो कसा लढला याचं उत्तर त्यानं द्यायचं. दोन्ही बाजूंचे सैनिक सारखे. पण हल्ली पुष्कळ जण हे मानत नाहीत. ते म्हणतात, ज्याचं कारण अन्यायाचं आहे त्यानं झाडलेली गोळी नियमात बसली म्हणून न्यायाची होत नाही. त्यांना मला नीट उत्तर देता आलेलं नाही."

"तुम्ही कोणाला मारलंत, काका?"

बस सुरू झाल्याची हाक आली. मी उठलो. ती विचारते आहे आणि मी उठतो आहे, हे मला त्याच क्षणी दिसलं. मग मी माधवला हलवून जागं केलं.

धारला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. ताईच्या घरी जाण्याआधी गौरी मला लाट मशिदीकडे घेऊन गेली. तिथे एका प्रचंड लोखंडी खांबाचे तुकडे पडले आहेत. कोणी म्हणतं तो विजयाचा खांब होता. कोणाच्या विजयाचा, ते पाटी वाचूनही नीट कळलं नाही. मला त्या लोखंडापाशी थोडं बरं वाटलं: त्याला कोणी काही म्हणायला लावत नव्हतं.

विमलताईनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरुण, म्हातारा झालास. आत ये, बाफले गार होतील." बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) तुपात बुडवून तिनं ताटात ठेवले आणि वरण ओतलं. जेवण होईपर्यंत तलवारीचा विषय निघाला नाही. मग तिनंच काढला.

"ही पोर जाणार म्हणते. माझा विरोध आहे, आणि तुला इथे कशाला आणलंय तेही मला ठाऊक आहे."

"आत्या, पण हल्ला झाला तर?" गौरी म्हणाली. "कोणी आपल्यावर चालून आलं तर हात जोडून बसायचं?"

"हात जोडून कोण म्हणालं? नाही म्हणण्याचे पुष्कळ मार्ग असतात." ताई शांतपणे बोलत होती, जणू फळ्यापुढे. "तुझ्या काकाचे सगळे नियम मला ठाऊक आहेत. चांगले आहेत. पण त्यांत निवाडा कोण करतं? ज्याला लढायचं असतं तोच. कारण खरं आहे का, हे त्यानंच ठरवायचं. शेवटचा उपाय आहे का, हेही त्यानंच. आजवर कुठला राजा म्हणाला, माझं कारण खोटं आहे? सगळ्यांची कारणं खरी असतात. मग नियमानं युद्ध थांबत नाही, नियमानं युद्धाला अंगरखा मिळतो."

"मग निरपराध कापले जात असतील तर?" मी विचारलं.

ताई म्हणाली, "तिथे माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ते मी कबूल करते. पण एक सांग. युद्धाच्या तयारीसाठी किती शाळा आहेत, किती वर्षं, किती कारखाने? आणि हात न उचलता कसं उभं राहायचं, याची एक तरी शाळा काढली का कोणी? मग तुम्ही म्हणता ते चालत नाही. कधी चालवून पाहिलंत?"

मला प्रत्युत्तर सुचलं होतं. असंही म्हणता आलं असतं की दुबळ्याला वाचवताना हात न उचलणं हाही एक निवाडाच आहे. मी ते म्हटलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही; सकाळी कुठलं वाक्य म्हणावं लागणार, तेच डोक्यात होतं.

सकाळी देवघरात तलवार, विळी, कात्री आणि ताईचं शिवणयंत्र, सगळ्यांना हळद-कुंकू लावलेलं होतं. तलवार म्यानातच. ताई म्हणाली, "मला ही रीत नको आहे, पण करणार असाल तर पुरी करा. अर्धी नाही." माधवनं मोबाइल काढला, फोटोसाठी. गौरी माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहिली.

मी तलवार उचलली. वाक्याचा पहिला शब्द तोंडात आला आणि मी ती परत पाटावर ठेवली.

"मला हे म्हणता येणार नाही," मी म्हणालो.

माधव म्हणाला, "भिया, एवढंच तर वाक्य आहे."

तेव्हा मी सांगितलं. एका हिवाळ्यात सीमेवर समोरच्या उतारावर शत्रूची उखळी तोफ होती. आमच्या चौकीवर गोळे पडत होते, आमची माणसं जखमी होत होती, मरत होती. ती तोफ बंद करणं बरोबरच होतं, आजही मला त्यात शंका नाही. माझं काम डोंगरावरून पाहून गोळे कुठे टाकायचे ते सांगण्याचं. मागून रेडिओवर बॅटरीच्या (तोफांच्या तुकडीच्या) साहेबांनी विचारलं: आसपास वस्ती? तोफेमागे एक घर होतं. त्याच्या छपरातून संध्याकाळच्या चुलीचा धूर निघत होता. मी म्हणालो, वस्ती दिसत नाही.

"का?" ताईनं विचारलं.

"कारण वस्ती आहे म्हटलं असतं तर साहेबांनी थांबायला सांगितलं असतं, किंवा थोडेच गोळे टाकले असते. आणि माझी माणसं मरत होती. म्हणून ते ओझं मी तराजूतून काढून टाकलं, आणि मग साहेबांनी तराजू पाहिला. उजाडल्यावर मला दुर्बिणीतून दिसलं, त्या घरातून खाटेवर दोघांना बाहेर नेत होते. पुढे चौकशी झाली. जे ठाऊक होतं त्यावरून निर्णय योग्य, असं ठरलं. ते खरंच होतं. जे ठाऊक होतं ते मीच सांगितलं होतं."

माधवनं मोबाइल खिशात घातला. गौरीच्या हाताचं काय करावं हे तिला कळत नव्हतं, तो तसाच पुढे होता.

विमलताई माझ्याकडे वळली. मी तिच्याकडून दोनच गोष्टींची वाट पाहत होतो: एकतर ती म्हणेल, बघ, माझंच खरं, नाहीतर माझ्या डोक्यावर हात ठेवेल. तिनं दोन्ही केलं नाही. "माफ करणं माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "ते त्या घराच्या हातात आहे. पण तू ते खोटं वाक्य म्हटलं नाहीस, हे चांगलं केलंस." मग तिनं मला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली, आणि तेवढ्यानंच मला रडू आलं.

थोड्या वेळानं गौरी म्हणाली, "काका, म्हणजे नियम चुकीचे नव्हते. तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत."

"हो."

"आणि आत्या म्हणते, लढायला निघालेला माणूस केव्हा तरी खोटं सांगतोच. म्हणून नियम पुरत नाहीत."

"मी असंच म्हणते," ताई म्हणाली.

"मग मी काय करू?" या वेळी तिनं हिंदी वापरली नाही.

गौरी तलवारीपाशी बसली. तिनं म्यानावर हात ठेवला नाही. "मी जाणार," ती म्हणाली. "पण आज कारण सांगणार नाही. जे खरं दिसेल ते सांगेन, कोणी मरत असलं तरी. एवढंच आज म्हणू शकते."

ताई उठली, नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि गौरीला पहिला घास तिनं भरवला. आशीर्वाद दिला नाही. विरोधही मागे घेतला नाही. "मी दर महिन्याला तुला लिहीन की परत ये," ती म्हणाली. "मराठीत. वाचायची सवय करून घे."

निघताना ताईनं मला दाराशी थांबवलं. "पुढच्या नवमीला ये, अरुण. वाक्य म्हणायला नाही. आज सांगितलंस तेच, तसंच, सगळ्यांसमोर सांगायला. या घरातून पुढे कोणी जाणार असेल, तर त्यानं तलवारीआधी ते ऐकावं."

इंदूरहून गाडी सुटल्यावर मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. मी या प्रवासाला निघालो तेव्हा मला वाटलं होतं, मी एका मुलीला फौजेत पाठवायला चाललो आहे. प्रत्यक्षात त्या घरानं माझ्याकडून एक शस्त्र, इतकी वर्षं लपवलेलं खोटं, काढून घेतलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. युद्ध न्याय्य असू शकतं का, हे मी अजून ठामपणे सांगू शकत नाही. चुलीचा धूर दिसला की वस्ती आहे असं म्हणायचं, इतकं मात्र सांगू शकतो, आणि पुढच्या नवमीला सांगायला मी जाणार आहे.