शेवटचे चार थेंब

रायपूरच्या पेट्रोल पंपांवर एक रीत आहे. मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोल पडायचं थांबलं की ग्राहक म्हणतो, "झटक दो." मग नोझल धरणारा माणूस पाइप खांद्याइतका उंच उचलतो, टाकीवर वाकतो आणि तिच्या तोंडावर नोझल तीन-चारदा आपटतो. आपलं पेट्रोल पाइपात राहून जातं, अशी लोकांची पक्की समजूत आहे. खरं म्हणजे पाइप कायम भरलेलाच असतो. आपण येण्याआधीही तो भरलेला होता, आपण गेल्यावरही राहतो. झटकल्याने नोझलच्या टोकातले चार थेंब पडतात, तेही बरेचदा टाकीवर नाहीतर हातावर.

माझी धाकटी बहीण तेलीबांध्याच्या पुढे, नवा रायपूरच्या रस्त्यावरच्या एका पंपावर दुचाकींच्या रांगेला पेट्रोल भरायच्या कामावर होती. तिचा नवरा सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, प्लांटमध्ये. त्या हिवाळ्यात तिला दिवस गेले. आधीचं एक टिकलं नव्हतं. ते कशामुळे गेलं, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितलं नाही आणि सांगता आलंही नसतं. पण या वेळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं काम विचारलं, आणि ऐकून म्हणाल्या की नोझलपासून लांब राहता आलं तर राहा. पेट्रोलमध्ये थोडं बेंझिन असतं. ते वाफेबरोबर श्वासात जातं, वर्षानुवर्षं गेलं तर रक्त तयार होण्याच्या जागेलाच धक्का लावतं, आणि पोटातल्या जिवासाठी तर तो धोका घेऊच नये.

एवढंच मागणं होतं: नोझलवरून दुसरीकडे बदली. आत बिलाच्या टेबलावर, ऑइलच्या कपाटाजवळ, कुठेही.

मॅनेजर नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "देखते हैं, दीदी." दर आठवड्याला तेच. तिने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने ड्रॉवरमधून कापडी मास्क काढून दिला. "ये लगाओ, टेन्शन खतम."

कापडी मास्क धूळ अडवतो. वाफ अडवत नाही. त्यावर पेट्रोलचा शिंतोडा उडाला तर नाकाला बांधलेला बोळाच होतो तो. हे मी त्याला जाऊन सांगितलं. वर्तमानपत्रात काम करतो म्हटल्यावर त्याने चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत माझं सगळं ऐकून घेतलं. बाकी काही झालं नाही.

बाहेर आल्यावर बहीण भडकली. "तू काहून आला मधात? आता तो मले पत्रकाराची बहीण म्हणून राहिला."

मग जे तिच्या हातात होतं ते तिने सुरू केलं. कंपनीच्या प्रशिक्षणात सगळ्यांनाच सांगितलेल्या गोष्टी होत्या, पाळत कोणी नव्हतं. वारा पाठीवर येईल अशी उभी राहायची. टाकीत डोकावून पाहायचं नाही. टाकी भरून नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, वरून थेंबथेंब भरत बसायचं नाही. हाताचं काळं ऑइल पेट्रोलने धुवायची सवय सोडून साबण वापरायला लागली. प्लास्टिकच्या डबकीत, म्हणजे छोट्या कॅनमध्ये, पेट्रोल द्यायचं नाही, असं भिंतीवर लिहिलेलंच होतं. अभनपूरकडचा एक माणूस स्कूटरच्या पायदानावर डबकी ठेवून "भर दे न" म्हणत राहिला, तरी तिने भरली नाही. प्लास्टिकमध्ये पेट्रोल पडताना वीज साठते, ती जमिनीत जात नाही, एक ठिणगी पुरते.

ठिणगीचं तिला घरीच दिसलं होतं. पंपाने थंडीसाठी नायलॉनचं जाकीट दिलं होतं. कोरड्या हवेत ते काढताना चटचट आवाज यायचा, अंधारात चमकायचंही. तिचा नवरा म्हणायचा, "हिले बोर्डात लावा, बिल वाचते." सगळे कर्मचारी हेच जाकीट दुपारी ऊन चढलं की मशीनपाशी उभे राहून काढत. ती आतल्या खोलीत जाऊन काढू लागली, आत सुती सदरा. मैत्रिणी हसल्या. "महारानी कपड़े बदलने गई."

शेवटी तिने झटकणं बंद केलं.

पाइप उचलायचा म्हणजे वाकायचं, तोंड टाकीच्या तोंडापाशी न्यायचं. तिथेच वाफ सर्वांत दाट. मी एका दुपारी तिला डबा द्यायला गेलो होतो. बुलेटवर बसलेल्या एका माणसाने गाडीवरून न उतरताच टाकीचं झाकण उघडलं होतं. नोझल थांबलं, तिने ते टाकीतच क्षणभर राहू दिलं, मग काढून मशीनला लावलं.

"झटका नहीं," तो म्हणाला.

"उसमें कुछ नहीं रहता, भैया."

"कुछ नहीं रहता तो झटकने में क्या जाता है?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. "दीदी, चाय के लिए बचा रही हो क्या?"

"हव, ड्रम भरून ठेवला घरी," ती मराठीतच म्हणाली. कोणाला कळलं नाही, पण सूर कळला. बुलेटवाला मॅनेजरकडे गेला. मी पुढे झालो तर ती म्हणाली, "दादा, तू डबा दे अन् जा."

दुसऱ्या दिवशी तिची बदली झाली. पोटासाठी नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीसाठी नाही. ग्राहकाची तक्रार म्हणून. मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं, "झटकना नहीं आता तो हवा भरो." ती शिक्षा होती. बहीण घरी आली तेव्हा हसतही होती आणि रडतही होती. नोझल सुटलं होतं.

तिच्या जागी दुसरी मुलगी आली. ती पहिल्या दिवसापासून झटकू लागली.

हवेचं यंत्र पंपाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर. सिग्नल चुकवायला मोटारसायकलवाले पंपातूनच आरपार निघतात, वेग कमी न करता. हवा भरणारा माणूस चाकापाशी उकिडवा बसलेला असतो. गाडीच्या आडून येणाऱ्याला तो दिसत नाही. चौथा महिना सरत आला होता. एका सकाळी एका स्कूटरचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला. चालवणारा पोट्टा थांबलाही नाही.

तिने पंक्चरवाल्याकडून दोन जुने ट्रकचे टायर मागून आणले, चुना मारला आणि यंत्राच्या दोन्ही बाजूंना उभे केले. आरपार जाणाऱ्यांना वळसा घालावा लागू लागला. दोन दिवसांत मॅनेजरने ते उचलायला लावले. मोठ्या गाड्या वळत नाहीत, म्हणाला.

"तो बोर्ड लगाओ, रस्सी लगाओ, ब्रेकर बनवाओ," ती म्हणाली. "कुछ तो लगाओ."

"मालिक से पूछना पड़ेगा."

मालकाला विचारलं गेलं की नाही, कळलं नाही. टायर भिंतीपाशी गेले. पण रोज सकाळी कामावर आल्यावर ती पहिलं काम हे करी: एकेक टायर पायाने ढकलत जागेवर आणायचा. वाकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मॅनेजर आला की ते पुन्हा भिंतीपाशी हलवले जात. त्यानंतर यावर दोघं कधी भांडली नाहीत, बोललीही नाहीत. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली त्या दिवसापर्यंत हे असंच चाललं. रजेच्या पहिल्या सकाळी मी त्या रस्त्याने ऑफिसला गेलो तेव्हा टायर भिंतीपाशीच होते आणि हवेच्या यंत्रापाशी तिच्या जागी एक म्हातारा माणूस रस्त्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता.