न हललेली शेळी

लातूरला आमच्या क्लासमध्ये शिकवण्याला पुरावा लागतो, हे मला नोकरीला लागल्या लागल्या कळलं होतं. पण पुराव्यासाठीच शिकवायचं असतं, हे कळायला क्लास ऑनलाइन व्हावे लागले.

संचालक सरांनी नियम काढला. तास संपताना प्रत्येक शिक्षकानं पडद्यावर दिसणाऱ्या मुलांच्या चौकटींचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा. स्क्रीनशॉट नाही, तर तास झाला नाही. तुम्ही तासभर घसा फोडला असेल, मुलांना प्रकाशाचं परावर्तन झोपेतही दिसत असेल, ती तुमची खासगी बाब. तासांचं रेकॉर्डिंग होत नव्हतं, कारण फुकटच्या लिंकवर ती सोय नव्हती, आणि फुकट हे आमच्या संस्थेचं अघोषित ब्रीदवाक्य होतं.

मी रसायनशास्त्र शिकवत होते. भौतिकशास्त्राला होते ते सर माझेही सर. भूकंपानंतर आमच्या गावाची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली, तेव्हा ते आम्हाला शिकवायला होते. निवृत्तीनंतर क्लासमध्ये आले आणि मराठीतून प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलांची बॅच त्यांनी घेतली. लोह्याकडची, अर्धापूरची, शिरूर अनंतपाळची पोरं. शहरातल्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो क्वचितच लागतात, अशी. संचालकांना ही बॅच खुपत होती. तिच्या जागी इंग्रजीची आणखी एक बॅच बसवायची, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. फक्त निमित्त मिळत नव्हतं. मराठी बॅच बंद म्हणजे सरही घरी, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी सरांना स्क्रीनशॉट शिकवला. "विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस, तिन्ही एकदम. पडदा काळसर होतो. मग माउसनं मुलांच्या चौकटींवर चौकोन ओढायचा. मग ग्रुपमध्ये जाऊन उजवी क्लिक आणि पेस्ट."

"एवढंच?" सर म्हणाले. "मग एवढा बोभाटा कशाला करून राहिले लोक?"

पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग सरांनी फोन केला. मुलांच्या घरी गलका असतो, माइक सुरू केला की चुलत्यापासून कोंबडीपर्यंत सगळे तासाला बसतात, म्हणून मुलं शंका चॅटमध्ये लिहीत होती, आणि लिहीत होती मराठीत. सरांना उत्तर मराठीतच द्यायचं होतं. मी जाऊन त्यांच्या लॅपटॉपमध्ये मराठी कीबोर्ड घालून दिला. सर खूश. त्या दिवसापासून त्यांचा लॅपटॉप कायमचा मराठी झाला, कारण इंग्रजीत परत जायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

पुढे महिनाभर सरांचा स्क्रीनशॉट रोज ग्रुपवर वेळेत येत होता. बाकी आम्ही शिक्षक कधी विसरत होतो, कधी उशीर करत होतो. संचालकांनी एकदा ग्रुपवर लिहिलंसुद्धा, "ज्येष्ठांकडून शिका." आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

मग एका सकाळी संचालकांनी सरांना ऑफिसात बोलावलं. मला पण बोलावलं, कारण क्लासच्या कॉम्प्युटरचं काही बिघडलं की माझ्याकडे बोट दाखवायची पद्धत होती. टेबलावर त्यांनी आपला मोबाइल ठेवला आणि ग्रुपवरची चित्रं एकामागून एक सरकवत गेले.

सगळ्या चित्रांत काळ्या चौकटी. मुलांचे कॅमेरे बंदच असतात, त्यामुळे कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. फक्त एका पोराचा कॅमेरा सुरू होता. लोह्याकडचा पोरगा, गोठ्याच्या कडेला बसलेला, आणि त्याच्या खांद्यामागून मान काढून एक शेळी कॅमेऱ्यात बघत होती.

"ही शेळी," संचालक म्हणाले, "महिनाभर हललेली नाही."

खरंच नव्हती. पोरगा हलला नव्हता, शेळी हलली नव्हती, शेळीच्या तोंडातला पाला तेवढाच होता. महिनाभर एकच चित्र.

"सर, तुम्ही तास घेतलेच नाहीत," संचालक म्हणाले. आवाजात दुःख होतं, डोळ्यांत इंग्रजीची नवी बॅच होती. "तुमच्या वयाचा मी मान ठेवतो. पण संस्थेची फसवणूक झाली. ही बॅच आपण इथंच थांबवू."

सरांचा चेहरा मी आधी एकदाच तसा पाहिला होता. ते म्हणाले, "तास तं रोज घेतले मी. रोज बटणं दाबली. रोज टाकलं ग्रुपवर. आता शेळी हलली न्हाई, याला मी काय करू?"

"उद्या दुपारपर्यंत पुरावा आणा," संचालक म्हणाले. न्यायी माणूस.

मी सरांबरोबर त्यांच्या घरी गेले. लॅपटॉप उघडला. सर तो कधी बंद करत नव्हते, फक्त झाकण लावत होते. "दाबून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी तिन्ही बटणं दाबली. काही झालं नाही. पडदा काळसर झाला नाही, चौकोन आला नाही. सर मात्र समाधानानं म्हणाले, "हाय की. झालं."

"काय झालं? पडदा कुठे काळा झाला?"

"ते सुरुवातीला होत होतं. नंतर बंद झालं. मशीनला सवय झाली आता, दरवेळेस इचारत न्हाई."

आणि मग त्यांनी ग्रुपमध्ये जाऊन उजवी क्लिक केली, पेस्ट म्हटलं, आणि पालापाचोळ्यासह शेळी हजर झाली.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. स्क्रीनशॉट निघालाच नाही, तर आधी निघालेलाच मशीनच्या पोटात पडून राहतो. पेस्ट म्हटलं की तोच बाहेर येतो. सरांनी महिनाभरात दुसरं काहीही कॉपी केलं नव्हतं आणि मशीन एकदाही बंद केलं नव्हतं. म्हणून मराठी कीबोर्ड घालायच्या आदल्या तासाची ती शेळी तशीच टिकून होती.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण मराठीची होती. मी विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला. खूण इंग्रजीची झाली. मग तीच तीन बटणं दाबली. पडदा लगेच काळसर झाला. परत मराठी केलं, परत दाबली. काही नाही. हे असं का होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. काही लॅपटॉपवर मराठीतही चालतं म्हणतात. सरांच्या लॅपटॉपवर चालत नव्हतं, आणि आमच्या क्लासमध्ये तेवढं सरांना चोर ठरवायला पुरेसं होतं.

सरांनी कोपऱ्यातल्या त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरी, मराठीत शिकवायचं, अन् शिकवलं हे सांगायला इंग्रजीत जायचं. बरंय."

मला फार राग आला. संचालकांचा, मशीनचा, आणि खरं सांगते, सरांचाही. मशीनला सवय झाली म्हणे! पण पुढच्या तासांचे स्क्रीनशॉट नीट निघतील, यानं मागचा महिना कुठून परत येणार होता? चॅट तर मीटिंग संपली की पुसून जात होतं.

संध्याकाळी त्यांचा तास होता. मी शेजारी बसले. तास सुरू झाला आणि सरांनी आधी चॅटमध्ये टाइप केलं: वार, दिनांक, विषय, पट, हजर. एका बोटानं, अक्षर शोधत.

मी बघतच राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात हेच लिहिलं होतं. वार लिहिला, दिनांक लिहिला, पट लिहिला. पट त्यांनी भूकंपाच्या आधीचाच लिहिला. मग हजर लिहायला हात उचलला आणि तसाच राहिला. आम्ही पोरं खाली सतरंजीवर बसलेलो, कुणी कुणाकडे बघत नव्हतो. तेव्हाचा तो चेहरा मला ऑफिसात पुन्हा दिसला होता.

"सर, हे तुम्ही रोज लिहिता?"

"मग? त्याच्याशिवाय तास कसा सुरू व्हईल?"

मी त्यांच्या परवानगीनं माइक घेतला आणि मुलांना काय झालं ते सांगितलं. बॅच बंद होईल, तेही सांगितलं. मग विचारलं, सरांच्या तासाचं काही तुमच्याकडे आहे का.

मग शिरूर अनंतपाळच्या मुलीनं चॅटमध्ये लिहिलं, "मॅडम, सरांची उत्तरं मी रोज मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवते. आमच्याकडे मराठीत पुस्तक नाही, तेच वाचते." तिच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, मी पण. मग तिसऱ्यानं. मग चॅट थांबेचना. मोबाइलच्या बाजूची दोन बटणं, भाषा कुठलीही असो, दाबली की चित्र निघतं. पोरांना ते शिकवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी ती सगळी चित्रं स्टाफच्या ग्रुपवर टाकली. एकेका दिवसाची. वर वार, दिनांक, पट, हजर. खाली शंका, त्याखाली सरांची एका बोटानं टाइप केलेली उत्तरं. आरसा, भिंग, विद्युतधारा, चुंबक. महिनाभराचा अभ्यासक्रम ग्रुपवर धो धो वाहिला. कुण्या शिक्षकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं नाही. काय टाकावं, बहुतेक सुचलं नसावं.

संचालकांनी सगळं बघितलं. मग लिहिलं, "ठीक आहे. बॅच सुरू ठेवावी. मात्र ही चित्रं ठरलेल्या नमुन्यात नाहीत. पुढच्या वेळी काळजी घ्यावी." आणि आठवडाभरात चौकाच्या फ्लेक्सवर ओळ आली, 'मराठीतून तळमळीनं शिकवणारी एकमेव संस्था'. फोटो अर्थातच संचालकांचा.

चित्रं टाकली त्या संध्याकाळचा तासही मी सरांशेजारी बसूनच पाहिला, बटणांची भाषा बदलायची आठवण करून द्यायला. तास संपत आला तेव्हा मी म्हटलं, "सर, आता विंडोज आणि स्पेस." त्यांनी दाबलं. मग तीन बटणं दाबली. पडदा काळसर झाला.

काळसर पडद्यामागे मुलांनी एकेक करत कॅमेरे सुरू केलेले होते. कुणी गच्चीवर, कुणी चुलीपाशी, कुणी ट्रॅक्टरवर. शेळीसुद्धा होती, या वेळी मान वळवून पलीकडे बघणारी. चॅटमध्ये वर सरांनी तासाच्या सुरुवातीला लिहिलेलं दिसत होतं. पट चोवीस, हजर चोवीस.

"सर, चौकोन ओढा ना," मी म्हटलं.

सर पडद्याकडेच बघत होते. माउसवरचा हात तसाच होता. "ओढतो," ते म्हणाले. "एकदा मोजू दे मला."