सौंसरमध्ये तलाठ्याचा शोध

“तलाठी कुठं लपवून ठेवला तुमी? पोरीच्या स्कॉलरशिपची आज शेवटची तारीख हाय!” शेजारच्या काकू लोकसेवा केंद्राच्या खिडकीवर ओरडून राहिल्या होत्या. तो आवाज बोरगावपर्यंत गेला असेल. तिथली झाडावरची संत्री पिकायची थांबली, असंही लोक सांगतात.

उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा हे काकूंनी मोबाइलवर मराठीत पाहिलं होतं. पण ती माहिती महाराष्ट्राची होती. आपण मध्य प्रदेशात. इथे तलाठी नाही, पटवारी असतो. आणि या दाखल्याला त्याचीही गरज नव्हती. समग्र आयडी म्हणजे राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक, आधार कार्ड आणि उत्पन्नाचं स्वतः लिहिलेलं घोषणापत्र पुरे होतं. फलकावर सगळं होतं, पण सरकारी हिंदीत. ती वाचता वाचता माणूस पेन्शनीत निघेल!

मी ते वाचून सांगितलं, काकूंचा अर्ज लागला, संध्याकाळपर्यंत दाखलाही हातात आला. मला मात्र जोर चढला. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी साध्या मराठीत सगळी प्रक्रिया लिहिली आणि किराणा दुकानावर टांगली. वर “फक्त मध्य प्रदेशासाठी”, खाली “माहिती कुठून घेतली: केंद्रावरचा फलक, राज्याचं लोकसेवा पोर्टल”, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात “शेवटचं तपासलं” आणि तारीख.

पुढल्या वर्षी मी काकूंना छाती फुगवून म्हटलं, “काकू, अख्खी तहसील माझ्या पुठ्ठ्यावर चालून राहिली!”

काकूंनी चष्मा सावरून पुठ्ठ्यावरची सगळ्यात मोठी ओळ वाचली.

“तारीख मागल्या सालची हाय. जा, तपासून या.”